अपडेट केलं की सेटिंग बदललं? इन्व्हर्टरच्या बाबतीत दोन्ही एक नाहीत

आमच्या फोंडा भागात छतावर सोलर घेतलेल्या माणसाला विचारलं की इन्व्हर्टरला काय केलं, तर नव्वद टक्के वेळा उत्तर येतं, "तो पोरगा आला होता, अपडेट करून गेला". अपडेट म्हणजे नेमकं काय केलं हे त्यांना माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा त्या पोरालाही नीट माहीत नसतं. फर्मवेअर बदलणं हे एक काम आणि ग्रिडच्या सेटिंगना हात लावणं हे अगदी दुसरं काम, पण दोन्ही मोबाइलवरून होतात, दोन्हीला पासवर्ड लागतो, आणि दोन्ही झाल्यावर इन्व्हर्टर एकदा बंद होऊन परत चालू होतो, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला फरक कळतच नाही. मी ही कामं रोज करतो आणि हा घोळ कुठे नेतो ते जवळून बघितलंय.

फर्मवेअर म्हणजे इन्व्हर्टरच्या आतल्या चिपवरचा प्रोग्रॅम. पॅनेलकडून येणारा डीसी कसा घ्यायचा, एसी कसा बनवायचा, पंखा कधी फिरवायचा, कुठल्या चुकीला कुठला एरर दाखवायचा हे सगळं त्यात असतं. सहसा प्रोग्रॅम दोन ठिकाणी असतो, एक आतल्या कंट्रोल बोर्डवर आणि दुसरा खाली लावलेल्या वायफाय डोंगलमध्ये, आणि "ॲपमध्ये डेटा दिसत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा डोंगलची असते, तिच्यासाठी मेन बोर्डला हात लावायची गरजच नसते. प्रोग्रॅम लिहिते कंपनी, त्यातला एक शब्दही तुम्ही आम्ही बदलू शकत नाही, आपण फक्त तो चढवतो किंवा चढवत नाही.

ग्रिड सेटिंग म्हणजे काही आकडे. व्होल्टेज किती वर गेलं की इन्व्हर्टरने लाइनपासून सुटायचं, किती खाली आलं की सुटायचं, फ्रिक्वेन्सी कुठून कुठपर्यंत चालेल, किती वेळात सुटायचं, आणि लाइन परत आल्यावर किती सेकंद थांबून जोडायचं. हे आकडे देशाप्रमाणे ठरलेले असतात, म्हणून मेनूमध्ये त्याला `Grid Code` किंवा `Safety Country` असं काहीतरी नाव असतं आणि तिथे आपला देश निवडला की सगळे आकडे एकदम बसतात. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2013 चे नियम आहेत, त्यात व्होल्टेजची चौकट 80 ते 110 टक्के आहे आणि बाहेर गेलं तर 2 सेकंदांच्या आत सुटायचं. 240 व्होल्ट धरले तर 110 टक्के म्हणजे 264. हा 264 चा आकडा लक्षात ठेवा, खालची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

सावईवेऱ्याच्या बाजूला कुळागरात एक घर आहे, पाच किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर. खांबापासून घर साठ मीटर, ट्रान्सफॉर्मर त्याहून बराच लांब. पहिल्या वर्षी घरमालक काकांची तक्रार होती की कडक ऊन असलं की साडेअकरा ते अडीचपर्यंत इन्व्हर्टर सारखा सुटतो, ॲपमध्ये ग्राफ करवतीच्या दातांसारखा, वर चढतो, शून्यावर येतो, मिनिटभर थांबतो, परत चढतो. ज्यांनी सिस्टीम बसवली त्यांचा माणूस आला, दहा मिनिटं मोबाइलवर काहीतरी केलं आणि "काका, अपडेट मारला, आता त्रास नाही" म्हणून गेला. आणि खरंच त्रास गेला. पुढे सहा-सात महिन्यांनी कंपनीने लांबून खरा फर्मवेअर चढवला आणि दुसऱ्या दिवसापासून परत तेच करवतीचे दात. काकांचं म्हणणं होतं की पहिला अपडेट चांगला होता, दुसऱ्याने वाट लावली, तो काढून टाक.

मी मेनू उघडून जुन्या नोंदी बघितल्या. पहिला अपडेट नव्हताच, त्या माणसाने वरची व्होल्टेज मर्यादा 264 वरून 280 वर नेली होती, फर्मवेअरचा नंबर तोच होता. आणि दुसरा, खरा अपडेट चढताना आपल्या देशाचे आकडे परत मूळ जागी आले, म्हणजे 264. ज्याला काका बिघाड म्हणत होते ती सेटिंग बरोबर होती आणि ज्याला दुरुस्ती म्हणत होते तीच चूक होती.

मग 264 वर इन्व्हर्टर सुटत का होता? हे शोधायला मल्टिमीटर आणि ऊन एवढंच लागतं. इन्व्हर्टर बंद ठेवून त्याच्या टर्मिनलवर मोजलं तर 252 व्होल्ट, म्हणजे लाइनच मुळात दुपारी जास्त होती. मग इन्व्हर्टर चालू करून पूर्ण लोडवर आला की मीटरजवळ 259, आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर 264 आणि लगेच ट्रिप. इन्व्हर्टर वीज बाहेर ढकलतो तेव्हा वायरमध्ये जेवढे व्होल्ट पडतात तेवढे त्याला लाइनपेक्षा वर चढावं लागतं. इथे ट्रान्सफॉर्मरपासून मीटरपर्यंत 7 व्होल्ट आणि घरातल्या वायरमध्ये 5. हिशोबही जुळतो, पाच किलोवॅटला साधारण 20 अँपिअर, घरातली वायर 4 स्क्वेअर एमएमची पंचवीस मीटर, जाऊन-येऊन पन्नास, तिचा रेझिस्टन्स पाव ओहमच्या जरा खाली, म्हणजे साडेचार-पाच व्होल्ट. वायर बारीक घातली होती, एवढंच.

मर्यादा 280 केली तर यातलं काहीच दुरुस्त होत नाही, इन्व्हर्टर फक्त बघायचं थांबवतो. लाइन अजून दोन-चार व्होल्ट चढली की टर्मिनलवर 268 होतात आणि घराचा फ्रीज, पंप, पंखे सगळे 260 च्या वर चालत राहतात, त्याच फेजवरच्या शेजाऱ्याचेही थोडे वर जातात. आणि त्याहून मोठी गोष्ट लाइनमनची आहे. पावसात माडाची झावळ पडली आणि लाइन तुटली की सोलरने ताबडतोब सुटायला हवं. लाइन गेलीय हे इन्व्हर्टरला कळतं ते बऱ्याच अंशी याच आकड्यांवरून, व्होल्टेज किंवा फ्रिक्वेन्सी चौकटीबाहेर गेली की कळतं. चौकट जेवढी रुंद केली तेवढी अशी शक्यता वाढते की शेजारच्या घरांचा लोड आणि सोलर जुळून बसले आणि तुटलेला तुकडा काही वेळ जिवंत राहिला. इन्व्हर्टरमध्ये यासाठी वेगळी तपासणीही असते, हे खरं, पण खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवावर दोन संरक्षणांतलं एक सैल करायचा हक्क कुणालाच नाही, काकांना नाही आणि मलाही नाही.

एका घराच्या पुढे बघितलं तर हे आकडे आणखी जड होतात. जर्मनीत जुने सोलर इन्व्हर्टर सगळे 50.2 हर्ट्झला सुटतील असे सेट होते, एकट्या घरासाठी ते ठीक होतं, पण लाखो घरं एकाच आकड्यावर एकदम सुटली तर अख्ख्या ग्रिडचा तोल जाईल हे लक्षात आल्यावर 2012 मध्ये कायदा करून लाखो सिस्टीमचे आकडे बदलावे लागले. तिथे कुणी चूक केली नव्हती, तरी एका आकड्याची किंमत एवढी झाली.

मग कुणाला काय करू द्यायचं? फर्मवेअरचं मला सोपं वाटतं. लिहायचा कंपनीने, चढवायचा की नाही हे मालकाने ठरवायचं, आणि चढवायचा इन्स्टॉलरने किंवा कंपनीने लांबून, पण मालकाला आधी सांगून, आणि काय बदललं ते दोन ओळींत लिहून. चालणारी मशीन आहे आणि नव्या व्हर्जनमध्ये तुमच्या तक्रारीचं काही नाही तर थांबायला हरकत नाही, फक्त सुरक्षेची दुरुस्ती असेल तर थांबू नका. दिवसा, चांगलं ऊन असताना चढवा, कारण बरेच इन्व्हर्टर पॅनेलच्या विजेवर जागे राहतात आणि मध्येच वीज गेली तर बोर्ड अर्धवट प्रोग्रॅमवर अडकतो.

ग्रिडचे आकडे मात्र मालकाच्या मर्जीचे नाहीत, इन्व्हर्टर त्याच्या पैशांचा असला तरी, कारण त्यांचा परिणाम त्याच्या मीटरच्या पलीकडे होतो. मालकाला ते बघता यायलाच हवेत, बदलता नकोत. बदल हवा असेल तर वीज खात्याची लेखी परवानगी, आणि हात लावणाऱ्याचं नाव नोंदलेलं. काही कंपन्या हे नीट करतात. एसएमएच्या बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये पहिले 10 तास वीज दिल्यावर हे आकडे लॉक होतात आणि पुढे ज्याच्या त्याच्या नावावर दिलेला ग्रिड गार्ड कोड लागतो, म्हणजे कोणी उघडलं ते कळतं. उलट बऱ्याच स्वस्त मशीनमध्ये सगळ्या इन्स्टॉलरना एकच पासवर्ड, तो प्रत्येकाच्या तोंडपाठ, आणि कोणी काय केलं याची नोंद शून्य. असा पासवर्ड म्हणजे कुलूपच नाही.

एक गुंता इथे राहतोच. फर्मवेअर आणि सेटिंग वेगळे असले तरी देशाच्या आकड्यांचा तक्ता फर्मवेअरच्या आतच असतो, म्हणून नवीन फर्मवेअरबरोबर तो तक्ता बदलू शकतो, किंवा परवानगीने बदललेला एखादा आकडा पुसला जाऊ शकतो. काकांकडे पुसला गेला तो चुकीचा होता म्हणून बरं झालं, पण तो परवानगीचा असता तर? म्हणून मी अपडेटच्या आधी आणि नंतर ग्रिडच्या पानाचे स्क्रीनशॉट घेतो, देश, वरची-खालची मर्यादा, सुटायची वेळ आणि परत जोडायची वेळ, आणि दोन्ही शेजारी ठेवून एकेक आकडा जुळवतो. फरक दिसला तर काम संपलं नाही असं समजतो. आणि कंपनीला लांबून फर्मवेअर चढवता येतो म्हणून तिला लांबून हे आकडेही गुपचूप बदलता यावेत हे मला पटत नाही, त्यासाठी वेगळी किल्ली हवी आणि ती वीज खात्याला कळवल्याशिवाय फिरू नये.

काकांकडे आम्ही 264 ला हात लावला नाही. घरातली वायर 10 स्क्वेअर एमएमची केली, 5 चे 2 व्होल्ट झाले. मोजलेले आकडे आणि ग्राफ लावून वीज खात्याकडे अर्ज दिला. त्यांनी आधी स्वतः दोन दिवस मोजलं, कारण ट्रान्सफॉर्मरचा टॅप एक पायरी खाली घेतला की दुपारी साधारण 6 व्होल्ट उतरतात तसे संध्याकाळीही उतरतात, आणि लाइनच्या टोकाच्या घरांना पंप चालू व्हायच्या वेळी कमी पडायला नको, हे त्यांनाच बघता येतं. संध्याकाळचे आकडे पुरेसे निघाले, टॅप बदलला. आता भर दुपारी टर्मिनलवर 255 च्या आसपास असतात आणि ग्राफ सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच गोल टेकडी काढतो. डीबीच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, फर्मवेअर नंबर, ग्रिडचे आकडे, तारीख आणि माझी सही, काका आता येणाऱ्या प्रत्येकाला आधी तो वाचायला लावतात.