झोळी: माळवदाच्या तुळईपासून स्लॅबच्या कडीपर्यंत

मराठवाड्यात बाळाची झोळी कशी बांधायची हे घराच्या छतावर ठरत आलं. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात लाकडी तुळया असायच्या. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची दोन टोकं दोन तुळयांना बांधली की बाळ लांबट पसरून झोपायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली हजारो माणसं दगावली. पुढं लातूर-धाराशिवकडं माळवदांची जागा स्लॅबनं आणि पत्र्यानं घेतली. स्लॅबला कडी बहुधा एकच असते. मग साडीची दोन्ही टोकं त्याच कडीला येतात आणि झोळीची पिशवी होते.

धोका या पिशवीतच आहे. बाळ कमरेत मुडपतं आणि हनुवटी छातीला टेकते. तान्ह्याची श्वासनळी अरुंद, मान कच्ची, त्यामुळं श्वास अडतो, पण रडू येत नाही. त्यात सिंथेटिक साडी तोंडावर आली तर हवाही जात नाही. म्हणून वरच्या बाजूला आडवी काठी घालून कापड फाकवून ठेवतात. तीही निसटू नये म्हणून बांधलेली हवी. बाळाचं तोंड उघडं दिसलं पाहिजे आणि हनुवटीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. काठी घालूनही पाठीचा बाक जात नाही, म्हणून झोळीत फक्त जागं बाळ खेळवावं. डोळा लागला की सपाट, घट्ट अंथरुणावर उताणं निजवावं, उशी नको. अपुऱ्या दिवसांचं किंवा सर्दीनं नाक चोंदलेलं बाळ झोळीत घालूच नये.

दुसरी गोष्ट बांधणीची. झोका देताना कडीवर बाळाच्या वजनापेक्षा जास्त ओढ येते, स्प्रिंग असेल तर आणखी. सात किलोच्या बाळासाठी आधी वीस किलो ज्वारीचं पोतं झोळीत घालून दहा मिनिटं हलवून बघा. गाठ सरकली, कडीभोवतीचं सिमेंट भुरभुरलं किंवा कापडातून 'चर्र' आवाज आला, तर तिथं बाळ घालायचं नाही. स्प्रिंगच्या जोडीला वेगळी मजबूत दोरी कडीला बांधा, म्हणजे स्प्रिंग तुटली तरी झोळी खाली येत नाही. झोळीचा तळ जमिनीपासून फूटभरच असावा, खाली जाड गोधडी असावी. जातं, पाटा, चूल जवळ नको.

थांबायची वेळ महिन्यांवर मोजू नका. बाळ कुशीवर वळायला लागलं की झोळी बंद; हे बहुधा चौथ्या ते सहाव्या महिन्यात होतं. पालथं झालेलं बाळ अंथरुणावर हात टेकून मान उचलतं, पण झोळीत हात रोवायला काही टणक नसतं, तोंड कापडातच रुततं. बसायला येईपर्यंत थांबणारी घरं उशीर करतात.

बंद केली की कापड त्याच दिवशी सोडून ठेवा. मोकळी लोंबणारी साडी बघून पाच-दहा वर्षांची पोरं तिच्यात शिरून पीळ घालतात नि गरगर फिरतात. पीळ गळ्याभोवती आवळला तर त्यांना तो स्वतः सोडवता येत नाही. झोळी वापरात असतानाही बाळ काढलं की कापड वर गुंडाळून पोरांच्या हाताबाहेर बांधायचं.