तोटी नेमकी कधी बंद करायची? क्लेमाँ-देझॉर्म प्रयोगाची पार्श्वभूमी

पदवीच्या प्रयोगशाळेत मोठ्या फ्लास्कमध्ये हवा भरून, तोटी क्षणभर उघडून हवेच्या दोन विशिष्ट उष्म्यांचे गुणोत्तर, म्हणजे गॅमा, काढणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर बहुतेक वेळा १.४० या खऱ्या मूल्याच्या खाली येते. तो ते स्वतःच्या हाताचे अपयश मानतो. पण हा प्रयोग ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या निकोला क्लेमाँ आणि शार्ल देझॉर्म या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनाही १.३५४ च मिळाले होते. देझॉर्म हे क्लेमाँ यांचे सासरे. वायूंच्या विशिष्ट उष्म्याविषयी फ्रेंच इन्स्टिट्यूटने जाहीर केलेल्या स्पर्धेसाठी १८१२ च्या सुमारास त्यांनी हे काम केले, पण पारितोषिक दलारोश आणि बेरार यांना गेले आणि क्लेमाँ-देझॉर्म यांचा निबंध १८१९ साली छापून आला.

या गुणोत्तराची गरज ध्वनीच्या वेगामुळे निर्माण झाली होती. न्यूटनच्या सूत्राने निघणारा वेग प्रत्यक्षाहून सुमारे एकषष्ठांशाने कमी होता, आणि ही तूट भरून काढताना न्यूटनने दिलेली कारणे त्याच्या लौकिकाला शोभणारी नव्हती. लाप्लासने तिचे खरे कारण सांगितले. ध्वनिलहरीत हवा इतक्या वेगाने दाबली जाते, की निर्माण झालेली उष्णता बाहेर जायला सवड मिळत नाही. म्हणून न्यूटनच्या वेगाला गॅमाच्या वर्गमुळाने गुणायला हवे. हा गॅमा, म्हणजे स्थिर दाबाच्या आणि स्थिर आकारमानाच्या विशिष्ट उष्म्यांचे गुणोत्तर, स्वतंत्रपणे मोजण्याची सोय त्याला या फ्लास्कच्या प्रयोगात सापडली.

मूळ प्रयोग आजच्या उलट होता. हवा बाहेर सोडण्याऐवजी काचेच्या मोठ्या पात्रातील थोडी हवा काढून घेत आणि मग बाहेरची हवा झटकन आत येऊ देत. एका नोंदीत बाहेरचा दाब ७६६.५ मिलिमीटर पारा होता आणि पात्रातला दाब त्याहून १३.८१ मिलिमीटर कमी. तोटी उघडताच बाहेरची हवा आत घुसून आतला दाब बाहेरच्या इतका झाला आणि तोटी लगेच बंद केली गेली. आतली हवा दाबली गेल्याने तापली होती. ती खोलीच्या तापमानाला निवल्यावर दाब पुन्हा ३.६१ मिलिमीटरने उतरला. सुरुवातीचा फरक h₁ आणि ही शेवटची घट h₂ म्हटली, तर दाबाचे फरक लहान असताना हिशेब सोपा होतो:

γ = h₁ / (h₁ − h₂)

म्हणजे १३.८१ भागिले १०.२०, उत्तर १.३५४. यातली खुबी अशी की तापमान कुठेच मोजावे लागत नाही. हवा जेमतेम दीड अंशाने तापते आणि काही क्षणांत निवूही लागते. साधा पाऱ्याचा तापमापक तेवढ्यात हलणारही नाही. म्हणून हवेचा दाबच तापमापकाचे काम करतो.

पण दुबळी बाजूही इथेच आहे. गॅमा १.४० यायचा तर दुसरे वाचन ३.९५ यायला हवे होते. म्हणजे सगळा घोळ सुमारे एकतृतीयांश मिलिमीटर पाऱ्याचा. तोटी उघडी असताना थोडी उष्णता काचेला गेली, तर तेवढी जास्त हवा आत शिरते, पुढची घट लहान होते आणि गॅमा खाली येतो. गे-ल्यूसॅक आणि वेल्टेर यांनी दिशा उलटवली: आत जास्त दाब ठेवून हवा बाहेर सोडली. त्यांचे १.३७ च्या आसपासचे उत्तर लाप्लासने वापरले. तेही कमीच होते, कारण पात्राच्या भिंतीशी होणाऱ्या उष्णतेच्या देवाणघेवाणीचा हा दोष दोन्ही दिशांना उत्तर खालीच ओढतो.

मग तोटी आणखी लवकर बंद करावी, तर दुसरी अडचण उभी राहते. वेगाने निघालेली हवा बाहेरच्या दाबाशी येऊन थांबत नाही. ती जडत्वाने पुढे जाते, आतला दाब क्षणभर वातावरणाखाली जातो, मग परत वर येतो. काझँने १८६० च्या दशकात ही आंदोलने दाखवून दिली. तोटी कोणत्या क्षणी मिटली यावर उत्तर अवलंबून राहते: दाब अजून वर असताना मिटली तर गॅमा फुगतो, खाली गेला असताना मिटली तर घटतो. द्रवाची नळी ही हालचाल दाखवूही शकत नाही, कारण तिच्यातला स्तंभ स्वतःच जड आहे. रॉन्टगेनने (क्ष-किरण अजून दोन दशके दूर होते) द्रवस्तंभाच्या जागी धातूच्या पातळ पडद्याचा दाबमापी वापरला आणि १८७३ मध्ये १.४०५ मिळवले.

आज प्रयोगशाळेत यावर एक साधा उपाय करता येतो. तोटी वेगवेगळ्या वेळांसाठी, समजा एक ते पाच सेकंद, उघडी ठेवायची, प्रत्येक वेळी पहिले वाचन तेच राखायचे आणि h₂ चा लॉगॅरिदम वेळेसमोर मांडायचा. हवा आणि भिंत यांच्या तापमानांतला फरक साधारण घातांकी नियमाने घटत असल्याने बिंदू रेषेत येतात, आणि ती रेषा शून्य वेळेपर्यंत मागे नेली की भिंतीचा दोष बराचसा वजा होतो. सर्वांत लहान वेळांचे बिंदू रेषेच्या वरखाली उडू लागले, तर आंदोलनांचा संशय घ्यावा. हवा आधी कॅल्शियम क्लोराइडवरून सुकवूनच घ्यावी, कारण बाष्पाने गॅमा थोडा उतरतो.

लुमर आणि प्रिंग्सहाइम यांनी १८९० च्या दशकात दुसरे वाचनच टाळले. तांब्याच्या ९० लिटरच्या गोळ्यात त्यांनी बोलोमीटरची अतिशय पातळ पट्टी टांगली आणि विजेच्या रोधावरून हवा निवण्याचे प्रमाण त्याच क्षणी वाचले. त्यांचे उत्तर १.४०२ आले.