मेमरी कार्डावरचे गेम: ‘मूव्ह’ बटणामागची पार्श्वभूमी

गेम कार्डावर हलवायची सोय अँड्रॉइडमध्ये २०१० साली, २.२ आवृत्तीत आली. अ‍ॅपचा मुख्य भाग कार्डावर जायचा, खासगी डेटा फोनमध्येच राहायचा. तेव्हाचे गेमही लहान होते, त्यामुळे कुणी फार कुरकुर केली नाही.

खरी गोची पुढे झाली. मोठ्या गेमची चित्रं आणि आवाज वेगळ्या ओबीबी फायलीत येऊ लागले. ही फाईल `Android/obb` मध्ये बसते आणि नंतरच्या बहुतेक फोनांत हा फोल्डर फोनच्याच मेमरीत असायचा. समजा, दीड जीबीचा गेम आहे आणि त्यातलं मूळ अ‍ॅप ५० एमबीचं. ‘मूव्ह’ दाबलं की ते ५० एमबी कार्डावर जाणार, बाकीचं धूड जागच्या जागी. जागा सुटत नाही आणि लोडिंगही फारसं बदलत नाही. ‘कार्डावर टाकल्याने गेम स्लो होतो’ आणि ‘काही फरक पडत नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे दोघेही त्यामुळे खरं बोलत असायचे. दोघांनी हलवलेलं वेगवेगळं होतं.

२०१५ मध्ये ६.० आवृत्तीने कार्डच फोनच्या मेमरीचा भाग करायची मुभा दिली. अशा वेळी कार्ड नव्याने फॉरमॅट होतं, एन्क्रिप्ट होतं आणि त्याच फोनशी बांधलं जातं. सोबत ‘डेटा हलवा’ निवडलं तर ओबीबीसुद्धा कार्डावर जाते. अनेक फोन कंपन्यांनी मात्र ही सोय बंदच ठेवली. कार्ड काढलं की अ‍ॅप गायब आणि कार्ड मंद असलं की बोल फोनला, ही त्यांची भीती खोटी नव्हती. तरीही लॅमिंग्टन रोडवरून आठ जीबीचा स्वस्त फोन आणि वर एक कार्ड घेणाऱ्याच्या हातून निवडच काढून घेतली गेली, हे मला पटलेलं नाही. फॉरमॅट करतानाच फोन कार्डाचा वेग तपासून इशारा देत होता; तेवढं पुरलं असतं.

अर्थात कार्डंही गेमसाठी बनलेली नव्हती. ‘क्लास १०’ म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान १० एमबी, हे माप व्हिडिओ शूटिंगचं. गेम मात्र इकडून तिकडून बारीक तुकडे वाचतो. त्यासाठी २०१६ मध्ये ए१ हे माप आलं: सेकंदाला किमान १५०० वाचनं. चार केबीचा एक तुकडा धरला तर हे जेमतेम ६ एमबी होतात. फोनची आतली मेमरी या कामात साधारणपणे कितीतरी पुढे असते.

फटका कुठे बसतोय ते ओळखता येतं. गेम उघडताना किंवा नवा नकाशा येताना गाडी अडत असेल, तर संशय कार्डावर घ्यावा. एकाच मैदानात खेळताना चित्र सतत अडखळत असेल, तर आधी प्रोसेसर, रॅम किंवा तापलेल्या फोनकडे बघावं. एकदा रॅममध्ये आलेल्या भागासाठी कार्ड पुन्हा वाचावं लागत नाही.