उडीतली सवलत: सहा फ्रेमपासून एक दशांश सेकंदापर्यंत

कोल्हापुरात इंजिनिअरिंगची काही मुलं पन्हाळ्याच्या तटबंदीवर घडणारा प्लॅटफॉर्मर गेम बनवत आहेत. बुरुजावरून बुरुजावर उड्या मारत तीन दरवाज्यापर्यंत पोचायचं, एवढीच गोष्ट. पहिली आवृत्ती मित्रांना खेळायला दिली तेव्हा प्रत्येकाची तक्रार एकच होती: "बटन दाबलंय की मी, उडीच मारत नाही हे!" कोडमध्ये चूक नव्हती. बटन दाबल्याची नोंद झाली होती, पण तोवर पात्राचे पाय कडेपासून दोन फ्रेम पुढे गेले होते. पाय जमिनीवर नाहीत म्हणून उडी नाही, असा संगणकाचा सरळ हिशोब.

हा हिशोब जुनाच आहे. 1981 च्या डाँकी काँगमध्ये उडीची कमान ठरलेली होती. एकदा उडी घेतली की हवेत दिशा बदलता येत नसे. 1985 च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये बटन जितका वेळ धरून ठेवाल तितकी उडी उंच जाऊ लागली, हवेतही थोडं मागेपुढे सरकता येऊ लागलं. उडी खेळाडूच्या हातात आली तशी हाताची अपेक्षाही वाढली. त्यावेळचे ट्यूबचे टीव्ही चित्र जवळजवळ लगेच दाखवत. आजचे एलसीडी टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून मगच ते पडद्यावर आणतात आणि त्यात दोनचार फ्रेम सहज जातात. सेकंदाला साठ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची. म्हणजे खेळाडूला पात्र कडेवर दिसतं तेव्हा गेमच्या लेखी ते आधीच पुढे गेलेलं असतं. चूक खेळाडूची नसते आणि शिक्षा मात्र त्याला होते. मला हा अन्याय वाटतो, आणि तो दूर करायची जबाबदारी गेम बनवणाऱ्याचीच.

त्यावरचे उपाय दोन. कडेवरून पाय सुटल्यावरही थोडा वेळ उडी मंजूर करायची, याला कोयोटी टाइम म्हणतात. चक जोन्सनी 1949 मध्ये पडद्यावर आणलेला कार्टूनमधला कोयोटी कड्यावरून पुढे धावत जातो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही, त्यावरून हे नाव पडलं. दुसरा उपाय जंप बफर: जमिनीला पाय टेकायच्या जरा आधीच बटन दाबलं गेलं, तर ते दाबणं थोडा वेळ लक्षात ठेवायचं आणि पाय टेकताच उडी द्यायची.

या दोन्हींचा प्रवास सेलेस्ट या एकाच गेममध्ये स्वच्छ दिसतो, कारण त्याचा कोड वाचायला मिळतो. मॅडी थॉरसन आणि नोएल बेरी यांनी 2015 मध्ये पिको-8 या छोट्या आभासी कन्सोलवर चार दिवसांत त्याची पहिली आवृत्ती केली. तिच्यात `grace=6` आणि `jbuffer=4` असे दोन साधे आकडे आहेत. पाय जमिनीवर असेपर्यंत पहिला आकडा सहावर राहतो, हवेत गेल्यावर दर फ्रेमला एकाने कमी होतो. बटन दाबलं की दुसरा चार होतो आणि तसाच उतरतो. दोन्ही शून्याच्या वर असतील त्या फ्रेमला उडी. मोजणी सरळ फ्रेममध्ये, आणि तो गेम सेकंदाला तीस फ्रेमवर चालतो. म्हणजे कडेची सवलत कागदावर 200 मिलिसेकंद.

2018 च्या पूर्ण सेलेस्टमध्ये हीच सवलत सेकंदांत लिहिली आहे: `JumpGraceTime = 0.1f`. जंप बफर 0.08 सेकंद. कडेची वेळ निम्म्यावर आली हे पाहून अनेकांना वाटतं की नवा गेम जास्त कडक आहे. पण अंतर मोजलं की चित्र उलटतं. जुन्या गेममध्ये पात्र एका फ्रेमला एक पिक्सेल धावतं, म्हणजे सहा फ्रेममध्ये फार तर सहा पिक्सेल. नव्या गेममध्ये धावण्याचा वेग सेकंदाला 90 पिक्सेल, म्हणून 0.1 सेकंदात नऊ पिक्सेल. गेमचा नकाशा ज्या चौकोनी फरशांनी रचलेला असतो, ती फरशी दोन्हीकडे आठ पिक्सेलची. वेळ निम्मी झाली, तरी कडेपासून मिळणारी मोकळीक एका फरशीच्या आसपासच राहिली, किंबहुना थोडी वाढली.

कोल्हापूरच्या मुलांनी 0.1 हा आकडा जसाच्या तसा उचलला होता. त्यांची फरशी 16 पिक्सेलची आणि धाव सेकंदाला 240 पिक्सेल. सवलतीचं अंतर झालं 24 पिक्सेल, म्हणजे दीड फरशी. खेळणारा खूश झाला, पण शेजारी बसून बघणारा म्हणाला, "हवेतनं उडी मारतंय की हे!" शिवाय ओलांडता येऊ नये म्हणून ठेवलेली एक दरी उशिरा उडी मारून पार होऊ लागली. मग त्यांनी आकडा 0.06 वर आणला. अंतर साडेचौदा पिक्सेलच्या आत आलं, फरशीपेक्षा थोडं कमी, आणि साठ फ्रेमच्या हिशोबाने हाताला साधारण साडेतीन फ्रेमची मुभा राहिली. दोन्ही तक्रारी थांबल्या.

गोडो या गेम इंजिनमध्ये लिहिलेला त्यांच्या कोडचा गाभा एवढाच आहे:

```
velocity.y += GRAVITY * delta
coyote -= delta
buffer -= delta
if is_on_floor() and velocity.y >= 0:
    coyote = 0.06
if Input.is_action_just_pressed("jump"):
    buffer = 0.08
if buffer > 0 and coyote > 0:
    velocity.y = -JUMP_SPEED
    buffer = 0
    coyote = 0
move_and_slide()
```

यातल्या दोन ओळी लोक हमखास चुकवतात. पहिली, उडीचा वेग `=` ने ठेवण्याची. तिथे `-=` लिहिलं तर तोवर साठलेला पडण्याचा वेग उडीतून वजा होतो. सेलेस्टचेच आकडे घ्या: गुरुत्व 900, उडीचा वेग 105. कडेवरून पडायला लागून 0.1 सेकंद झाला की खाली जाण्याचा वेग 90 होतो. बेरीज-वजाबाकी केली तर वर जायला उरतात फक्त 15, आणि उशिराची उडी उचकी लागल्यासारखी दिसते. वेग नव्याने ठेवला की उडी पूर्ण मिळते. तेवढ्या वेळात पात्र साडेचार पिक्सेल खाली आलेलं असतं, ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी, उडी मिळताच दोन्ही आकडे शून्य करण्याची. `coyote` शून्य केला नाही तर भरभर दोनदा बटन दाबणाऱ्याला हवेत दुसरी उडी फुकट मिळते. `velocity.y >= 0` ही अटही त्याचसाठी: वर जाणाऱ्या पात्राचा पाय एखाद्या फरशीला चाटून गेला, तरी सवलत पुन्हा भरता कामा नये. सेलेस्टही वर जाताना पात्र जमिनीवर असल्याचं मानत नाही.

हा दोष नुसत्या डोळ्यांना सापडत नाही. मुलांनी `coyote` चालू असेपर्यंत पात्राला पिवळा रंग दिला, `buffer` चालू असेपर्यंत निळा, आणि स्क्रीन रेकॉर्ड करून एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिलं. उडी घेतल्यावरही पिवळा रंग राहिला तर आकडा शून्य झालेला नाही. पाय टेकण्याआधीच निळा विझला तर बफर अपुरा आहे.

एक प्रश्न मात्र आकड्यांनी सुटत नाही. बफरमधलं बटन पाय टेकण्याआधीच सोडलं, तर उडी द्यायची का? बटन धरण्यावर उंची ठरत असेल तर सोडलेल्या बटनाला पूर्ण उडी देणं चुकीचं वाटतं, आणि काहीच न देणं म्हणजे पुन्हा तीच जुनी तक्रार. मुलांनी अशा वेळी सर्वांत छोटी उडी द्यायचं ठरवलं आहे. माझ्या मते पन्हाळ्याच्या अरुंद बुरुजांसाठी तेच बरोबर आहे, कारण तिथे उंच उडी म्हणजे वरच्या कमानीला डोकं आपटणं.