मीटरवर 180, रक्तात 65

ग्लुकोमीटरवर आकडा दिसला की तेवढी साखर रक्तात आहे, असं आपण धरून चालतो. बहुतेकांच्या बाबतीत ते चालूनही जातं. पोटाचं डायलिसिस घेणाऱ्या काही मधुमेही रुग्णांच्या मात्र ते जिवावर बेतलं आहे. अमेरिकेच्या एफडीएने ऑगस्ट 2009 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. 1997 पासून तोवर एका विशिष्ट प्रकारच्या स्ट्रिपशी संबंधित 13 मृत्यूंची नोंद त्यांच्याकडे झाली होती, आणि त्यातल्या 10 जणांना आयकोडेक्स्ट्रिन हा द्रव दिला जात होता.

या डायलिसिसमध्ये पोटात सोडलेल्या द्रवाने शरीरातलं जादा पाणी ओढून घ्यायचं असतं. त्यासाठी सहसा ग्लुकोज वापरतात. पण ग्लुकोज काही तासांत रक्तात शोषलं जातं आणि ओढ संपते. म्हणून रात्रभर किंवा दिवसभर पोटात ठेवायच्या द्रवात आयकोडेक्स्ट्रिन वापरतात. मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या या ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या. त्या मोठ्या असल्यामुळे सावकाश शोषल्या जातात, पण लसिकावाहिन्यांतून त्यांचा बराच भाग अखेर रक्तात पोचतोच. तिथे अमायलेज हे विकर त्यांचे तुकडे करतं आणि तयार होतं माल्टोज, म्हणजे एकमेकांना जोडलेले दोन ग्लुकोज.

मला या गोष्टीतला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग पुढे आहे. ही जोडी तोडणारं माल्टेज हे विकर आतड्याच्या अस्तरावर असतं आणि मूत्रपिंडाच्या नलिकांमध्ये असतं. माणसाच्या रक्तात ते जवळपास नसतंच. जेवणातलं माल्टोज आतड्यातच तुटतं, त्यामुळे एरवी कुणाचं काही अडत नाही. या रुग्णाच्या रक्तात मात्र माल्टोज थेट तयार होतं, आणि ते काढून टाकणारं मूत्रपिंडच निकामी झालेलं असतं. त्यामुळे ते साचत जातं, दर डेसिलिटरला सुमारे 100 मिलिग्रॅमपर्यंत.

आता मीटर. स्ट्रिपवरचं विकर ग्लुकोजच्या रेणूच्या एका टोकाकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं. ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचले की किंचित विद्युतप्रवाह वाहतो, आणि मीटर त्या प्रवाहावरून आकडा काढतं. ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराची खाच इतकी नेमकी असते की तिच्यात ग्लुकोजच बसतं. पण रक्तातल्या ऑक्सिजनमुळे त्याचं वाचन बिघडू शकतं. म्हणून काही स्ट्रिपांमध्ये जीडीएच-पीक्यूक्यू हे विकर आलं. ऑक्सिजनचा त्याच्यावर परिणाम होत नाही, मात्र त्याची खाच मोकळी असते. माल्टोजचंही एक टोक ग्लुकोजसारखंच सुटं असतं. विकर ते पकडतं, इलेक्ट्रॉन काढतं, आणि मीटर त्यांनाही ग्लुकोजच्या खात्यात मोजतं.

समजा, रुग्णाची खरी साखर 65 आहे आणि माल्टोजमुळे मीटरवर 115 ची भर पडते. आकडा दिसतो 180. तो पाहून इन्शुलिन दिलं जातं. इन्शुलिनचा निचरा करण्यातही मूत्रपिंडाचा मोठा वाटा असतो, त्यामुळे ते रेंगाळतं. दोन तासांनी खरी साखर 40 वर येते. रुग्ण घामाघूम होतो, थरथरतो, असंबद्ध बोलू लागतो. पुन्हा स्ट्रिप लावली तर मीटर म्हणतं 155. मग साखरेची शंकाच कुणाला येत नाही आणि दुसऱ्याच आजाराचा शोध सुरू होतो.

अशा वेळी लक्षणांवर विश्वास ठेवून लगेच ग्लुकोज द्यायला हवं, आणि शिरेतलं रक्त प्रयोगशाळेत पाठवायला हवं. तिथल्या हेक्सोकायनेज पद्धतीला माल्टोज फसवत नाही. मीटर आणि प्रयोगशाळा यांच्यात एवढी मोठी तफावत आढळली की दोष कुठे आहे ते कळतं.

या इशाऱ्यानंतर बऱ्याच स्ट्रिपांमधलं विकर बदललं गेलं. तरीही स्ट्रिपसोबतच्या माहितीपत्रकात माल्टोज आणि आयकोडेक्स्ट्रिन हे शब्द शोधावेतच. नेहमीपेक्षा वेगळ्या दवाखान्यात भरती होताना तर आपल्या डायलिसिसच्या द्रवात काय आहे हे आवर्जून सांगावं, कारण वॉर्डातलं मीटर वेगळं असतं. आयकोडेक्स्ट्रिन बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. यंत्राने रक्त शुद्ध करण्याच्या डायलिसिसमध्ये हा द्रव नसतो, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

तिथे फसवणारी चाचणी वेगळी, एचबीए1सी. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, आणि तेवढ्या काळात हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली हे ती सांगते. डायलिसिसच्या रुग्णात पेशी लवकर मरतात, शिवाय एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांमुळे रक्तात कोवळ्या पेशींची संख्या वाढते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. ‘किडनी गेली आणि डायबेटिस बरा झाला’ किंवा ‘अमुक चूर्णाने तीन महिन्यांत एचबीए1सी खाली आलं’ असे दावे ऐकू येतात तेव्हा मला चीड येते. त्या आकड्याच्या भरवशावर औषध सोडणाऱ्या रुग्णाची जेवणानंतरची साखर तेव्हाही 250 असू शकते.