वंध्य कीटक तंत्र आणि वोल्बाकिया (डासनियंत्रण)

औषधफवारणी करून डास मारण्याऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेले डासच वस्तीत सोडायचे आणि त्यांच्याकरवी रोगाला आळा घालायचा, अशा दोन पद्धती. वंध्य कीटक तंत्रात सोडलेल्या नरांमुळे डासांची पैदास घटते. वोल्बाकिया या जीवाणूच्या साहाय्याने दोन गोष्टी करता येतात: डासांची संख्या घटवणे, किंवा डास तसेच ठेवून त्यांची डेंग्यू पसरवण्याची क्षमता काढून घेणे. सोडण्याची कृती सारखीच दिसत असल्याने या दोन उद्दिष्टांची गल्लत नेहमी होते, पण खर्च, कालावधी आणि धोके यांत त्यांचे फारसे साम्य नाही.

डेंग्यूचा मुख्य वाहक असलेला एडीस इजिप्ती हा डास धुरळणीला दाद देत नाही, याची कारणे त्याच्या सवयींत आहेत. तो घरात पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांआड विसावतो. रस्त्यावरून फिरणाऱ्या गाडीचा धूर तिथवर क्वचितच पोचतो. पोचला तरी उडते डास तेवढे मरतात. पिंपाच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात आणि पाणी चढले की फुटतात. शिवाय पायरेथ्रॉइड गटातील औषधांना अनेक शहरांतले डास आता सरावले आहेत.

वंध्य कीटक तंत्राची कल्पना अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड निपलिंग यांची. जनावरांच्या जखमांत अंडी घालणाऱ्या स्क्रूवर्म माशीवर १९५४ मध्ये क्युरासाव बेटावर ती यशस्वी ठरली. डासांच्या बाबतीत कोषावस्थेत असलेल्या नरांना गॅमा किंवा क्ष-किरण देतात. अशा नराशी जुळलेल्या मादीची अंडी उबत नाहीत. नर रक्त पीत नाही, त्यामुळे कितीही नर सोडले तरी चावण्याचा प्रश्न येत नाही. खरे कसब मात्रेत आहे: किरण कमी पडले तर काही अंडी उबतात, जास्त झाले तर नर इतका दुबळा होतो की रानटी नरांपुढे त्याचा निभाव लागत नाही. सोडलेल्या नरांची संख्या रानटी नरांच्या कित्येक पट असावी लागते आणि ते आठवड्यामागून आठवडे सोडत राहावे लागतात. सोडणे थांबले आणि शेजारच्या वस्तीतून माद्या आल्या, की संख्या पुन्हा वाढते.

वोल्बाकिया हा कीटकांच्या पेशींत राहणारा जीवाणू १९२४ मध्ये क्युलेक्स डासात प्रथम आढळला. तो मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो, नराकडून जात नाही. वोल्बाकिया असलेला नर आणि नसलेली मादी यांची अंडी उबत नाहीत; मादीत वोल्बाकिया असेल तर मात्र नर कोणताही असो, अंडी उबतात आणि पिल्लांतही जीवाणू उतरतो. म्हणजे केवळ नर सोडले तर किरणांशिवाय वंध्यत्वाचा परिणाम साधतो. नर-मादी दोन्ही सोडले तर वोल्बाकियावाल्या माद्यांचे पारडे जड होत जाते आणि काही महिन्यांत वस्तीतले जवळजवळ सगळे डास वोल्बाकियाधारी होतात.

सिंगापूरने २०१६ पासून फक्त नर सोडण्याचा मार्ग घेतला. यात एक अडचण आहे. मादीचा कोष नराच्या कोषापेक्षा मोठा असतो म्हणून आकारावरून निवड करतात, पण हजारोंत एखादी मादी निसटतेच. अशा मोजक्या माद्या रुजल्या तर वस्तीतल्या माद्यांमध्येच वोल्बाकिया पसरतो आणि त्यानंतर सोडलेले नर निरुपयोगी ठरतात. म्हणून तिथे कोषांना क्ष-किरणांची सौम्य मात्राही देतात. निसटलेली मादी तेवढ्याने वांझ होते आणि नराचा जोम टिकतो. दोन्ही तंत्रांचा हा संयोग कागदावर वाटतो त्यापेक्षा बराच मोलाचा आहे.

नर-मादी दोन्ही सोडण्याच्या दुसऱ्या मार्गाचा सर्वांत भक्कम पुरावा इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरातून आला. एडीस इजिप्तीत निसर्गतः वोल्बाकिया नसतो. ऑस्ट्रेलियात स्कॉट ओनील यांच्या गटाने फळमाशीतल्या वोल्बाकियाचा डब्ल्यूमेल हा वाण डासाच्या अंड्यांत सुईने टोचून रुजवला आणि २०११ मध्ये केर्न्स शहराजवळ पहिल्यांदा मोकळा सोडला. या वाणाचे वैशिष्ट्य असे की तो अंगात असलेल्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. योग्यकर्त्यात शहराचे २४ विभाग पाडून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १२ विभागांत २०१७ साली असे डास रुजवण्यात आले. डास उडते सोडले नाहीत. झाकणाच्या छोट्या बादलीत पाणी, अंड्यांची पट्टी आणि माशांचे थोडे खाद्य घालून ती रहिवाशांच्या अंगणात सावलीला ठेवत. दोन आठवड्यांनी बादली बदलत. बादलीला भोके असत, त्यातून तयार डास आपोआप बाहेर पडत. रुजवण झाली का हे पाहण्यासाठी सापळ्यांत पकडलेल्या डासांची पीसीआर तपासणी केली जाई.

मग तापाने दवाखान्यात आलेल्या ३ ते ४५ वर्षांच्या रुग्णांची रक्ततपासणी झाली. वोल्बाकिया विभागांतल्या २,९०५ जणांपैकी ६७ जणांना डेंग्यू निघाला, उरलेल्या विभागांतल्या ३,४०१ पैकी ३१८ जणांना. संशोधकांच्या हिशेबाने संरक्षण ७७ टक्के, आणि रुग्णालयात दाखल होण्यापासूनचे संरक्षण ८६ टक्के. लोक कामाधंद्यासाठी एका विभागातून दुसऱ्यात जात-येत होतेच, त्यामुळे प्रत्यक्ष परिणाम याहून मोठा असण्याची शक्यता आहे. डेंग्यूचे डास दिवसा चावतात हे लक्षात घेतले तर ही शंका रास्त ठरते.

ही पद्धत कुठे अडते, हेही आता ठाऊक आहे. रिओ दी जानेरोच्या तुबियाकांगा वस्तीत सोडलेल्या डासांमध्ये घराघरांतून वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकाला दाद न देण्याची जनुके नव्हती. ते मेले आणि वोल्बाकियाचे प्रमाण खाली आले. तेथील प्रतिकारक्षम डासांशी संकर करून घेतलेले डास सोडल्यावर ते रुजले. दुसरी अडचण उष्णतेची. अळ्या तापलेल्या पाण्यात वाढल्या तर डब्ल्यूमेल वाण विरळ होतो, कधी पुढच्या पिढीत उतरतच नाही. विदर्भातल्या मे महिन्यात उघड्यावरच्या पिंपाचे पाणी किती तापते हे ठाऊक असणाऱ्याला ही अडचण सांगायला नको. डब्ल्यूअल्बबी हा वाण उष्णता अधिक सोसतो, म्हणून मलेशियातील क्वालालंपूर परिसरात तोच वापरला. तिसरे म्हणजे, हा उपाय एडीस इजिप्तीपुरता आहे. त्याने हिवतापाचा ॲनॉफिलीस किंवा हत्तीरोगाचा क्युलेक्स कमी होत नाही.

भारताचा या विषयाशी संबंध जुना आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचे केंद्र चालवले होते. परकी पैशावर जैविक युद्धाची तयारी चालू असल्याचा संशय वृत्तपत्रांतून आणि संसदेत व्यक्त झाला. सोनीपतमध्ये एडीस डास सोडण्याचा बेत रद्द झाला आणि १९७५ मध्ये केंद्राचे काम गुंडाळले गेले. लोकांना आधी विश्वासात न घेतल्याची ही किंमत होती, असे म्हणायला जागा आहे. योग्यकर्त्यात बादल्या ठेवण्याआधी वस्त्यांची संमती घेण्यावर भर दिला गेला. २०२२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुदुच्चेरी येथील कीटकवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने एकात डब्ल्यूमेल आणि दुसऱ्यात डब्ल्यूअल्बबी वाण असलेले, स्थानिक डासांशी संकरित एडीस इजिप्तीचे दोन गट तयार केल्याचे जाहीर केले. ते बाहेर सोडण्यासाठी सरकारी परवानग्या लागतात.