त्रिज्या मिळाली, धुरा राहिला: घातश्रेणीच्या अंत्यबिंदूंची पार्श्वभूमी

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या वर्गात घातश्रेणी सुरू झाली की रेडियस आणि इंटरव्हल हे दोन शब्द फळ्यावर जोडीनेच येतात. मुले ते एकाच गोष्टीची दोन नावे समजतात आणि त्रिज्या काढून झाली की पेन खाली ठेवतात. खरे तर श्रेणी केंद्रापासून किती दूरवर चालते आणि नेमक्या टोकांवर चालते की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे वेगळ्या पद्धतींनी मिळतात, आणि ते वेगळे आहेत हे गणितात स्पष्ट व्हायलाही बराच काळ लागला. श्रेणी म्हणजे काय, गुणोत्तर कसोटी कशी लावतात, हे वाचकांना माहीत आहे असे धरून पुढे जातो.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. 'अभिसरण' म्हटले की आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे रक्ताभिसरण येते, म्हणजे गोल फिरणे. इथे अर्थ एका ठिकाणी येऊन मिळणे असा आहे. अभिसारी भिंगातला अर्थ जवळचा. 'त्रिज्या' हा शब्द आणखी अडवतो. x तर एका सरळ रेषेवर फिरतो, मग वर्तुळ आले कुठून? दरवर्षी एखादे पोर हे विचारतेच, आणि विचारायलाच हवे. 1/(1 + x^2) घ्या. रेषेवर कुठेही याचा छेद शून्य होत नाही, x = 1 ला किंमत 1/2, x = 5 ला 1/26, कुठे काही बिघडत नाही. पण त्याची श्रेणी 1 - x^2 + x^4 - x^6 + ... ही 1 च्या पलीकडे साफ कोसळते. कारण रेषेवर नाहीच, ते रेषेबाहेर आहे. संमिश्र प्रतलात i आणि -i या बिंदूंवर छेद शून्य होतो, आणि दोन्ही बिंदू केंद्रापासून 1 अंतरावर आहेत. श्रेणी सर्व दिशांना सारखीच पसरते, म्हणून तिचे राज्य वर्तुळाचे असते. आपल्या रेषेवर त्या वर्तुळाचा फक्त व्यास दिसतो. संस्कृतातला त्रिज्या हा शब्द मूळचा तीन राशींची, म्हणजे 90 अंशांची ज्या, आजच्या भाषेत साइन. ज्या-कोज्यांच्या ज्या गणितातून तो आला, त्याच गणितातून या विषयाची एक जुनी गोष्ट येते.

केरळातल्या गणितज्ञांनी युरोपच्या आधी चापाची श्रेणी काढली होती. आजच्या लिपीत ती x - x^3/3 + x^5/5 - ... अशी, x म्हणजे ज्या भागिले कोज्या. सोळाव्या शतकातल्या एका टीकेत तिच्याबरोबर एक सूचना येते: ज्या आणि कोज्या यांपैकी जी लहान असेल तीच ज्या म्हणून धरा, नाहीतर कितीही आकडेमोड केली तरी फळांना अंत नाही. म्हणजे x 1 च्या पुढे जाऊ देऊ नका. अभिसरणाच्या अंतरालाविषयीची ही इतकी जुनी आणि इतकी नेमकी सूचना आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही, याचे मला वाईट वाटते. त्या गणितज्ञांना धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधासारख्या या टोकावरचा, वेगही कळला होता. x = 1 घेतले की श्रेणी पायच्या चौथ्या भागाकडे जाते, पण फार रेंगाळत. पहिली १०० पदे घेऊन चौपट केली तर ३.१३१५९२९ मिळते, म्हणजे दुसऱ्या दशांश स्थळीच चूक. त्यांनी शेवटी दुरुस्तीचे पद जोडले. त्याचे सगळ्यात साधे रूप n पदांनंतर, चौपटीच्या हिशेबात, 1/n असे येते. इथे ०.०१ मिळवा: ३.१४१५९२९. पाय आहे ३.१४१५९२६... धुऱ्यापासून आत येऊन x = 1/√3 घेतले आणि बेरीज सहापट केली, तर दुरुस्तीशिवायही दहाच पदांत ३.१४१५९ हाती येते.

पुढची दोनशे-अडीचशे वर्षे युरोपात श्रेणी कुठे चालते याची फारशी फिकीर न करताच वापरल्या गेल्या. 1 - 1 + 1 - 1 + ... ची बेरीज 1/2, कारण 1/(1 + x) मध्ये x = 1 घातल्यावर तेच येते, असे मोठमोठे लोक म्हणत. १८२१ साली पॅरिसच्या एका अभियांत्रिकी विद्यालयातल्या व्याख्यानांच्या पुस्तकात त्रिज्येचा हिशेब नीट मांडला गेला: सहगुणकांची n-वी मुळे घ्या, ती ज्या सीमांकडे जातात त्यांतली सगळ्यात मोठी पाहा, तिचा व्यस्त म्हणजे त्रिज्या. हे सूत्र पुढे विसरले गेले, आणि १८८८ मध्ये फ्रान्समध्येच पुन्हा सापडले. पण माझ्या मते खरा टप्पा १८२६ चा. पंचविशीही न गाठलेल्या एका नॉर्वेजियन तरुणाने बर्लिनच्या नव्या नियतकालिकात (1 + x)^m या द्विपद श्रेणीवर लेख लिहिला. m धन पूर्णांक किंवा शून्य असेल तर श्रेणी मध्येच संपते, तो भाग सोडा. बाकी m काहीही असो, त्रिज्या 1 च. पण x = 1 ला श्रेणी चालते की नाही ते m वर ठरते: m > -1 असेल तर चालते, नाहीतर नाही. x = -1 ला नियम पुन्हा वेगळा, m > 0 हवा. त्रिज्या एक, दोन्ही टोकांची उत्तरे वेगवेगळी. टोकाचा प्रश्न त्रिज्येच्या सूत्रातून सुटत नाही, हे तिथे कायमचे सिद्ध झाले. त्याच लेखात त्याने हेही दाखवले की टोकावर श्रेणी अभिसारी असेल, तर आतून टोकाकडे जाताना येणारी किंमत तीच तिची बेरीज. उलट मात्र होत नाही. टोकावर फलनाला किंमत आहे, म्हणून श्रेणीही चालेल, असे म्हणता येत नाही; 1/(1 + x^2) ची श्रेणी x = 1 ला 1 - 1 + 1 - ... अशी डोलत राहते, फलन मात्र तिथे निमूट 1/2 असते.

आता ज्या निर्णयामुळे हे लिहायला बसलो, त्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका मूल्यांकनात प्रश्न असा होता: (x - 3)^n / (n · 2^n) या पदांच्या, n = 1 पासूनच्या श्रेणीचे अभिसरणाचे अंतराल काढा. आदर्श उत्तरात 1 < x < 5 छापलेले. काही पेपरांत 1 ≤ x < 5 आले. दोन तास वाद झाला. एका बाजूचे म्हणणे होते की अभ्यासक्रमात त्रिज्येवर भर आहे, टोके हा जास्तीचा भाग, म्हणून दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्यावेत. शेवटी तसेच ठरले. त्या बाजूला एक मुद्दा होता, तो मी नाकारत नाही: वेळ कमी, मुले पहिल्या पिढीची, कापूस वेचायला घरी थांबलेली, अर्धे वर्ग बुडालेले. पण प्रश्नात 'अंतराल' असा शब्द होता, त्रिज्या नव्हे. एका मुलीने टोकांसाठी पूर्ण एक पान लिहिले होते. तिला आणि टोके न पाहणाऱ्याला सारखेच गुण मिळाले. निर्णय चुकला असे मला तेव्हाही वाटले, आजही वाटते.

तिचे पान असे होते. लागोपाठच्या पदांचे गुणोत्तर घेतले, त्याची सीमा |x - 3| / 2 आली. ती 1 पेक्षा कमी हवी, म्हणजे |x - 3| < 2. केंद्र 3, त्रिज्या 2, टोके 1 आणि 5. इथे एक महत्त्वाची ओळ तिने लिहिली: टोकांवर ही सीमा बरोबर 1 येते, म्हणून ही कसोटी इथे काही सांगत नाही. हे वाक्य पुष्कळ मुले उलटे वाचतात. कसोटी गप्प आहे म्हणजे श्रेणी अपसारी आहे, असे धरून दोन्ही टोके वगळतात. आदर्श उत्तर करणाऱ्यानेही बहुधा हेच केले असावे. खरे म्हणजे गुणोत्तर कसोटी टोकांवर बहुतेक वेळा गप्पच राहते, तिथे ती परत लावणे म्हणजे कोरड्या विहिरीत पुन्हा बादली सोडणे. हत्यार बदलावे लागते.

x = 5 घातले की अंशातला 2^n आणि छेदातला 2^n कटतात, उरते 1 + 1/2 + 1/3 + 1/4 + ... तिने गट पाडले: 1/3 + 1/4 हे अर्ध्याहून जास्त, 1/5 ते 1/8 ही चार पदे मिळून अर्ध्याहून जास्त, पुढची आठ पदेही तशीच. अर्ध्या-अर्ध्याची भर कधी थांबत नाही, म्हणून अपसारी. इथे मुले फसतात ती पद शून्याकडे जाते हे पाहून. ही बेरीज वाढते फार हळू, १० ओलांडायला १२,३६७ पदे लागतात, त्यामुळे कॅल्क्युलेटरवर ती थांबल्यासारखी दिसते. x = 1 घातले की (-2)^n येतो आणि उरते -1 + 1/2 - 1/3 + 1/4 - ... चिन्हे आलटूनपालटून, पदे लहान होत होत शून्याकडे जाणारी, म्हणून अभिसारी. बेरीज सुमारे -०.६९३. डावे टोक आत, उजवे बाहेर.

वर्गात हे शिकवताना मागच्या बाकावरून एक जण म्हणाला होता, "सर, मंग धुरा कोनाचा?" वावर मोजणे सोपे, भांडण धुऱ्यावरच होते, हे त्याला घरूनच ठाऊक. त्यालाच मी फळ्यावर बोलावले आणि त्रिज्या 1 असलेल्या तीन श्रेणी लिहायला लावल्या. x^n ची श्रेणी: दोन्ही धुरे बाहेर. x^n / n ची: -1 आत, 1 बाहेर. x^n / n^2 ची: दोन्ही आत. वावर तेच, धुऱ्याचा निकाल तीन वेळा तीन प्रकारचा. श्रेणीचे पदशः संकलन केले तरी त्रिज्या हलत नाही, पण टोक आत येऊ शकते. 1 - x^2 + x^4 -... टोकावर चालत नाही, तिचे संकलन केल्यावर आलेली केरळातली ती श्रेणी दोन्ही टोकांवर चालते. पदशः अवकलनात याच्या उलट होऊ शकते, आत असलेले टोक हातचे जाऊ शकते.

त्रिज्येतच होणारी एक चूकही सांगितली पाहिजे, कारण तिथे चुकले तर टोकेच भलतीकडे जातात. x^(2n) / 4^n सारख्या श्रेणीत विषम घात गायब असतात. मुले सहगुणकांचेच गुणोत्तर काढतात, 4 मिळते आणि त्रिज्या 4 लिहितात. पूर्ण पदांचे गुणोत्तर घ्या: |x|^2 / 4 < 1, म्हणून |x| < 2, त्रिज्या 2. चूक पकडायची असेल तर x = 3 घालून पाहावे; पदे (9/4)^n होतात आणि वाढतच जातात.

त्या मूल्यांकनानंतर मी फळ्यावरची मांडणी बदलली. त्रिज्या निघाली की खाली दोन ओळी लिहितो, डावे टोक, उजवे टोक, आणि त्यांच्यापुढची जागा मोकळी सोडतो. त्या ओळी भरल्याशिवाय कंस लिहायचा नाही. गोल की चौकोनी, ते त्या दोन ओळींवरून ठरते.